बिलांवर मागाहून घातलेलं नाव

माझ्या मावसभावाच्या दुकानाच्या एका वर्षाच्या आयकर आदेशात एक वाक्य आहे. करदात्याने खरेदीच्या बिलांवर दुकानाचे नाव मागाहून स्वतःच लिहिल्याचे कबूल केले असून, त्याच्या प्रतिनिधीस याची कल्पना नव्हती. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे. तो प्रतिनिधी मी होतो.

आज माझी सीएची प्रॅक्टिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. पनवेलच्या जुन्या गावात, बाजाराजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. धान्याचे व्यापारी, औषधांची दुकानं, कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाळे घेतलेले लोक माझ्याकडे यायचे. मी कामाला पक्का होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माझा हिशेब चुकला असं कोणी कधी म्हटलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये नव्या इमारती भरू लागल्या होत्या. माणसं किल्ली घेऊन यायची आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळायचं, की घरात एक बल्ब लावायलासुद्धा होल्डर नाही. माझा मावसभाऊ तळोज्याच्या एका कारखान्यात वायरमन होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. कारखान्यात संप झाला, मग टाळेबंदी झाली, आणि हातात आलेल्या पैशांतून त्यानं एका इमारतीच्या तळमजल्यावर गाळा भाड्यानं घेतला. ट्यूब, पंखे, वायर, स्विच, आणि मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल.

तो मला भेटायला आला तेव्हा हिशेबाची पुस्तकं कशी ठेवायची हे विचारायला आला होता. मी गडबडीत होतो. ऑक्टोबरअखेरची रिटर्न्स जवळ आली होती.

"दादा, दोन शब्दांत सांग," तो म्हणाला.

"दोन शब्दांत सांगण्यासारखं असतं तर मला एवढ्या परीक्षा कशाला द्याव्या लागल्या असत्या?"

"मग लिहून दे. मी वाचत राहीन."

मग मी त्याला एक पत्र लिहिलं. ऑफिसच्या लेटरहेडवर, चार पानं. आपण काय लिहिलं ते मला नीट आठवतं, कारण पुढे त्याच्या प्रती मी कितीतरी अशिलांना दिल्या. त्यातला थोडा भाग इथे उतरवतो.

"दुकान चालेल याबद्दल मला शंका नाही. मी सांगतो ते दुकान चालल्यानंतरचं आहे.

समज, तू वर्षभरात शंभर रुपयांचा माल विकलास. तो माल तुला ऐंशीला पडला होता. भाडं, वीजबिल, टेम्पो, पोऱ्याचा पगार मिळून आणखी आठ. म्हणजे तुझ्याकडे उरले बारा. कर या बारावर आहे, शंभरावर नाही. पण एक लक्षात ठेव. ते शंभर रुपये बँकेत गेले की आयकराच्या साहेबाला दिसतात. ऐंशी आणि आठ मात्र त्याला दिसत नाहीत. ते तू दाखवायचे असतात. तू दाखवू शकला नाहीस, तर तो अंदाजानं काहीतरी कापून देईल किंवा देणार नाही, आणि तुझे बारा त्याच्या कागदावर वीस होतील, पंचवीसही होतील. जे कमावलंच नाहीस त्यावर कर भरशील.

घाऊक बाजारात तुला कोणी म्हणेल, बिल नको असेल तर दोन टक्के कमी लावतो. कच्ची चिठ्ठी देईल. घेऊ नकोस. दोन टक्के वाचतील आणि तो सगळा माल तुझ्या खर्चातून बाहेर जाईल.

एका वेळी दहा हजारांच्या वर पैसे द्यायचे असतील तर रोख देऊ नकोस. रेघा मारलेला चेक किंवा ड्राफ्ट दे. बिल असलं तरी रोख दिलेला तेवढा खर्च नाकारता येतो.

टेबल, शोकेस, काउंटर यांचं बिलही ठेव, पण ते एका वर्षात खर्चात जात नाही. दर वर्षी थोडा थोडा घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेची वजावट, मिळतो. बिलच नसेल तर घसारा कशावर काढायचा?

टेम्पोवाला आणि हमाल बिल देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हाउचर कर. तारीख, कशासाठी, किती, आणि त्याची सही किंवा अंगठा. घरचा किराणा, पोरांची फी यांची बिलं दुकानाच्या खोक्यात टाकू नकोस. धंद्यासाठी झालेला खर्च तेवढाच वजा होतो. एक घरगुती बिल सापडलं की साहेब बाकीच्या सगळ्यांकडे त्याच नजरेनं पाहतो."

असं बरंच काही. पत्र चांगलं होतं. आजही मी त्यातलं एक अक्षर बदलणार नाही. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. बिलावर दुकानाचं नाव लिहून घे, हे मी लिहिलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं? बिल म्हटलं की नाव असणारच.

भावानं ते पत्र आज्ञेसारखं पाळलं. त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि महिन्यामहिन्याचे पुठ्ठे कापून त्यात घातले. त्याची बायको दुकानाची रोजची वही लिहायची. तिचं अक्षर सुरेख होतं आणि हिशेब चोख. मला दोघंही दादाच म्हणायची. एकदा मी दुकानात गेलो तेव्हा बाहेर टेम्पोवाल्याशी तिचा वाद चालला होता. आसपासच्या गावातलाच माणूस, पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल.

"सही करा ना काका," ती म्हणत होती. "चाळीस रुपये मिळाले, एवढंच लिहिलंय."

"चालीस रुपयांना सही? नाय करनार."

"अहो, दादांनी सांगितलंय."

"तुमच्या दादांनी सांगितलं आसंल. आमच्या बापानं एक सही केली, जमीन गेली. ही तुमची बिल्डिंग हाय ना, तिच्या जागेवर आमचा भात व्हायचा. आता चालीस रुपयांसाटी आनिक सही नाय."

भाऊ आतून ओरडला, "काका, तुमच्याकडे अजून घ्यायला राहिलंय काय?"

टेम्पोवाला हसला. "टेम्पो हाय ना!" म्हणाला, आणि शेवटी अंगठा उठवला. सही त्याला येत होती, पण अंगठ्याला तो कमी घाबरत होता.

असं दोघं नवरा-बायको करत होती. एक कागद सुटू देत नव्हती. हे मी यासाठी सांगतो, की पुढे आमच्या घरात आणि घराबाहेर भावाबद्दल जे बोललं गेलं, की त्याला कागदाची किंमत नव्हती, ते साफ खोटं आहे.

तिसऱ्या वर्षी त्याचं रिटर्न तपासणीला निवडलं गेलं. नोटीस आली, पुस्तकं आणि खर्चाचे पुरावे घेऊन हजर राहा. तो घाबरलेला दिसला नाही. डबा घेऊन माझ्याकडे आला, एका रविवारी दुपारी. मी सकाळीच काम संपवलेलं होतं, जेवून आलो होतो आणि मला झोप येत होती. मी डबा उघडून बिलं टेबलावर पसरली.

भाडेपावत्या ठीक. वीजबिलं ठीक. व्हाउचरं अंगठ्यांसकट ठीक. मग मालाची बिलं. मुंबईला लोहार चाळीत अकरा दुकानं होती, जिथून तो माल आणायचा. आठवड्याला एकदा एसटीनं जायचा, थोडं थोडं घ्यायचा. बिलं पक्की, छापील, नंबर असलेली, विक्रेत्याचा विक्रीकर नंबर असलेली. आणि नावाच्या जागी काही नाही. चाळीसेक बिलांवर नावाची रेघ कोरी होती. उरलेल्यांवर दुकानाचं नाव होतं, ते विक्रेत्यांनीच लिहिलेलं.

"हे काय?" मी म्हणालो.

"काय?"

"नाव कुठंय?"

"ते लोक लिहीत नाहीत दादा. काउंटरवर इतकी गर्दी असते. रोख घेणाऱ्या छोट्या गिऱ्हाइकाचं नाव कोण लिहितो? मोठ्या पार्टीचं लिहितात."

"तू सांगायचंस."

"तू पत्रात लिहिलं नव्हतंस."

त्याचा टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता. पण मला ते लागलं. मी रोज ज्या गोष्टीचे पैसे घेतो तीच मी माझ्या भावाला सांगायला विसरलो होतो, आणि ते तोच मला दाखवून देत होता.

आता इथे थांबून जे करायला हवं होतं ते सांगतो, कारण ते मला त्या वेळीही माहीत होतं. नाव नसलेलं बिल म्हणजे कचरा नव्हे. त्यावर नंबर आहे, तारीख आहे, विक्रेत्याचा पत्ता आहे. तीच खरेदी त्याच तारखेला वहीत आहे. तो माल पुढे विकला गेला, ती विक्री वहीत आहे. साहेबाला हवं असेल तर तो विक्रेत्याकडून त्याच्या बिलबुकातली कार्बन कॉपी मागवू शकतो, आणि ती जुळली की झालं. मी एवढंच करायला हवं होतं, की बिलं जशी आहेत तशी ठेवायची, एक कागद लिहायचा, आणि विक्रेत्यांकडून दुजोऱ्याची पत्रं आणायची. त्याला एक आठवडा लागला असता.

मी म्हणालो, "पेन घे आणि लिही."

"काय?"

"दुकानाचं नाव. प्रत्येक कोऱ्या बिलावर."

तो पेन हातात घेऊन बसला. "हे चालेल का?"

"माल तुझा, बिल तुझं, नाव तुझं. खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही, पण त्यांनी लिहिलेलं नाही ना."

"तू सीए आहेस की मी?"

त्यानं लिहायला सुरुवात केली. माझ्या टेबलावर, माझ्या पेननं. दहा-बारा बिलं झाल्यावर म्हणाला, "दादा, ही पत्रातली राहिलेली गोष्ट म्हणून समजू." आणि हसला. मीही हसलो. चहा मागवला.

कचेरीत आम्ही दोघं गेलो. अधिकारी पन्नाशीच्या आतबाहेरचे, शांत, कामसू गृहस्थ होते. मी त्यांच्यासमोर पूर्वी बऱ्याच वेळा बसलो होतो. त्यांनी वही पाहिली, बँकेचं पासबुक जुळवलं, भाड्याच्या पावत्या पाहिल्या. व्हाउचरवरचे अंगठे पाहून म्हणाले, "हे बरं करता तुम्ही. फार कमी लोक करतात."

भाऊ खूश झाला. "दादांनी लिहून दिलंय साहेब."

मग त्यांनी मालाची बिलं घेतली. पाच-सहा पाहिली आणि थांबले. मग एकेक बिल काढून टेबलावर ओळीनं मांडू लागले. पत्ते लावतात तसे. मांडता मांडता टेबल भरलं.

"ही अकरा दुकानं ना?" ते भावाला म्हणाले.

"हो साहेब."

"अकरा दुकानांत एकच पेन आहे का?"

आम्ही दोघांनीही बिलांकडे पाहिलं. मला ते त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं, हे खरं वाटणार नाही, पण नव्हतं. कुठे काळ्या शाईनं रक्कम, कुठे लाल, कुठे जाड पेन्सिलीसारखं, आणि प्रत्येकावर तेच निळं, तेच तिरकं, तेच दुकानाचं नाव.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"कधी?"

"आत्ता... नोटीस आल्यावर."

"कोणी सांगितलं?"

माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं. "कोणी नाही साहेब. मीच. घाबरून लिहिलं."

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

हा प्रश्न मी गेली तीस वर्षं रोज नाही, पण महिन्यातून एकदा तरी ऐकतो. त्यांनी कडक आवाजात विचारला नव्हता. खरं म्हणजे ते मला वाट करून देत होते, असंच मला वाटतं. कागदात फेरफार करायला सीएनं सांगितलं, हे त्यांना लिहावं लागलं असतं. माझ्या संस्थेकडे तक्रार गेली असती. माझा परवाना, ऑफिस, दोन मुलींची शिक्षणं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते यायला एक सेकंदही लागला नाही.

"नाही," मी म्हणालो.

भाऊ तेव्हाही माझ्याकडे पाहत नव्हता. तो टेबलावरच्या बिलांकडे पाहत होता.

अधिकारी डब्यातले बाकीचे कागद चाळत होते. तळाशी पिनांनी टाचलेला एक गठ्ठा निघाला. त्यांनी एकेक कागद उलटला. "ह्या काय?"

"ट्रान्सपोर्टच्या पावत्या साहेब. मोठा माल मी हातात आणत नाही, ट्रान्सपोर्टनं टाकतो. पंखे वगैरे."

"ह्यावर माल कोणाला द्यायचा त्याचं नाव आहे. तुमच्या दुकानाचं. तारीख आहे, मुंबईहून कोणी पाठवला ते आहे, किती खोकी ते आहे." ते दोन-तीन पावत्या बिलांशेजारी ठेवून पाहू लागले. तारखा जुळत होत्या. "मग बिलांवर नाव घालायची गरज काय होती?"



मी तो गठ्ठा पाहिलाच नव्हता. रविवारी दुपारी, झोप येत असताना, मी डब्याच्या तळापर्यंत गेलोच नव्हतो. भावानं पत्राप्रमाणे वाहतुकीच्या पावत्याही ठेवल्या होत्या. त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा त्यानं स्वतःच जपून आणला होता, आणि मी त्याला त्यावर खोटेपणाचा शिक्का मारायला लावलं.

अधिकाऱ्यांनी न्याय केला, असंच मी म्हणेन. ज्या बिलांना ट्रान्सपोर्टच्या पावत्या जुळल्या ती सगळी त्यांनी मान्य केली. पण हातानं आणलेल्या मालाची, स्विच, होल्डर, वायरच्या गुंडाळ्या, अशी सतरा-अठरा बिलं राहिली. ते म्हणाले, नाव नसतं तर मी विक्रेत्याकडे चौकशी करून पाहिलं असतं. आता हा कागद बदललेला आहे. मी यावर विश्वास कसा ठेवू? तेवढी खरेदी त्यांनी नाकारली. ती भावाच्या उत्पन्नात धरली गेली. त्यावर कर, व्याज, आणि पुढे वेगळ्या आदेशानं तेवढाच दंड. आणि आदेशात ते वाक्य.

अपील करता आलं असतं. मी त्याला करू नकोस म्हणालो. रक्कम लहान आहे, खर्च जास्त होईल, असं कारण दिलं. खरं कारण असं, की अपिलात तेच प्रश्न पुन्हा कोणीतरी विचारणार होतं. कचेरीतून बाहेर पडल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "तुझं नाव गेलं असतं तर शंभर जणांचं काम अडलं असतं. माझं एकट्याचं आहे."

मी त्याची फी घेतली नाही. आणि हे सगळ्यांना कळू दिलं.

यापुढचं सांगायला जास्त जड आहे, कारण ते एका क्षणाच्या भीतीनं झालेलं नाही. ते मी वर्षानुवर्षं, शांत डोक्यानं केलं.

मावशीनं, म्हणजे भावाच्या आईनं, मला विचारलं, "असं कसं रे झालं? तू होतास ना?" मी म्हणालो, "मावशी, मी चार पानं लिहून दिली होती. त्यानं परस्पर काहीतरी केलं." मावशी त्याला काय बोलली ते मला माहीत नाही. तिच्या शेवटच्या आजारापर्यंत ती मला मात्र म्हणत राहिली, "तुझ्यासारखी बुद्धी थोडी त्याला असती तर!"

भावाच्या बायकोनं त्या दिवसापासून दुकानातलं सगळं लिखाण आपल्याकडे घेतलं. गिऱ्हाइकाला बिल द्यायचं असलं तरी तीच लिहायची. ती दुरुस्तीच्या टेबलाकडे ओरडून म्हणायची, "तुम्ही तुमचा पंखा बघा. लिहिण्याचं तुमचं कळलंय आम्हाला." गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा.

आणि मी व्यापाऱ्यांच्या सभांमध्ये भाषणं द्यायचो. बिलं का ठेवावीत, नवा नियम काय, असं. त्यात एक किस्सा ठरलेला होता. "एका दुकानदारानं अकरा दुकानांची बिलं एकाच पेननं लिहिली!" हमखास हशा यायचा. एके वर्षी हशा चालू असताना मी समोर पाहिलं, तर शेवटून तिसऱ्या रांगेत भाऊ बसला होता. त्याला सभेचं बोलावणं आलं होतं, बाकीच्या सगळ्यांसारखं. तोही थोडा हसत होता. आजूबाजूचे हसत असताना एकटा गप्प राहिला असता तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून. मी भाषण पुरं केलं. तो किस्सा त्यानंतर कधी सांगितला नाही, पण त्याला जाऊन काही बोललोही नाही.

दुकान चाललं. छान चाललं. त्याच्या मुलीनं पुढे ते वाढवलं, आता तिचं मोठं शोरूम आहे. दंडानं त्याचं काही बुडालं नाही, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं, आणि पैशापुरतं ते खरंही होतं.

गेल्या वर्षी माझी बायको वारली. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि माझ्या लक्षात आलं, की आता माझ्या खोटेपणाचा कोणालाही उपयोग राहिलेला नाही. मुलींची लग्नं झाली, परवाना मी कधीच परत केला. तरीही मला तीन महिने लागले. मग एका सकाळी रिक्षा केली आणि नवीन पनवेलला त्याच्या घरी गेलो.

दोघं घरी होती. तिनं पोहे केले. खाऊन झाल्यावर मी तिला म्हणालो, "बस जरा. तुला एक सांगायचंय."

भाऊ म्हणाला, "दादा, राहू दे ना." त्याला कळलं होतं.

मी सगळं सांगितलं. रविवारची दुपार, पेन माझं, सांगणं माझं, आणि कचेरीतलं ते "नाही". डब्याच्या तळाच्या पावत्या. आदेशातलं वाक्य. मावशीला सांगितलेलं. सभेतला किस्सा. हिशेब मांडताना जसं काही सोडत नाही तसं काहीही सोडलं नाही.

ती ऐकत होती. संपल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हे खरंय?"

"हो."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"तू दादाशी भांडली असतीस."

"भांडलेच असते!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "तुमचं तुम्ही सांगितलंत, तुम्हाला हलकं वाटेल. पण मी तीस वर्षं ह्यांना जे बोलले त्याचं काय करू? गिऱ्हाइकांसमोर बोलले. पोरीसमोर बोलले. पोरगीही बापाला सही करताना चिडवते, बाबा, बघून हं. ते मी कुठून परत आणू?"

आयुष्यभर लोकांनी मला प्रश्न विचारले आणि मी त्यांना कलम दाखवलं. याला कलम नव्हतं. मी म्हणालो, "मी लिहून देतो. सगळं, माझ्या सहीनं. मुलीला द्या, ज्याला दाखवायचं त्याला दाखवा."

ती उठून आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. भाऊ आणि मी बसून होतो.

"लिहिणार आहेस खरंच?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग नीट लिही. मी तिथे बसून लिहिलं, तू माझा हात धरला नव्हतास. मला तेव्हाच वाटलं होतं हे बरोबर नाही. मी एकदा विचारलं आणि गप्प बसलो. नोटिशीची भीती मलाही होती. उगाच मला साधूबिधू करून ठेवू नकोस."

"बरं."

"आणि साहेबाचं वाईट लिहू नकोस. माणूस चांगला होता."

आतून ती बाहेर आली. डोळे धुतलेले दिसत होते. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मला वाटलं काही बोलेल, पण ती नवऱ्याला म्हणाली, "मुलीला फोन लावा. संध्याकाळी यायला सांगा. मी सांगते तिला, तुम्ही नका सांगू, तुम्ही परत त्यातून दादांना सोडवाल."

तो फोन लावायला उठला. मी निघालो. मला दारापर्यंत सोडायला कोणी आलं नाही, आणि त्याचा मला राग आला नाही.

त्याच आठवड्यात मी हे लिहायला बसलो. भावानं सांगितलं तसं, कोणी काय केलं ते इथे एकदा नीट लिहितो. पेन मी दिलं, सांगितलं मी, अधिकाऱ्यांपुढे खोटं मी बोललो. नाव त्यानं लिहिलं, त्याला ते पटलं नव्हतं, तरी त्यानं लिहिलं. आणि त्यांच्या दुकानात एकही बिल खोटं नव्हतं.